मोजा पायात नव्हताच

नोव्हेंबर 2023 मधली गोष्ट. रात्री झोपायला जाताना उजव्या पायाच्या चवड्याखाली मोज्याला घडी पडल्यासारखं वाटत होतं. घडी सरळ करावी म्हणून वाकलो, हात लावला, तर पायात मोजा नव्हताच. तो केव्हाच काढून ठेवला होता. डाव्या पायाला हात लावून पाहिलं, तिथेही तसंच. दोन्ही अंगठे आणि शेजारची बोटं, बस. हसलो आणि झोपलो.

पुढचे दोन महिने हा नसलेला मोजा रोज रात्री भेटत राहिला. सोबत मुंग्या. मांडी घालून बसल्यावर येतात तशा, पण पाय झटकल्यावर न जाणाऱ्या. दिवसा विसर पडायचा. रात्री पांघरुणाचा काठ बोटांना लागला तरी चटके बसल्यासारखं व्हायचं. आणि त्याच बोटांना हाताने चिमटा काढला तर नीट कळायचं नाही. एकाच जागी आग आणि बधिरपणा दोन्ही कसे असू शकतात, हे मला तेव्हा कोडं वाटायचं आणि कुणाला सांगायलाही संकोच वाटायचा.

मला मधुमेह निदान होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. तरी पहिला संशय मी चपलांवर घेतला, दुसरा कमरेवर. माझं काम नकाशे काढायचं, म्हणजे दिवसभर टेबलावर वाकून बसायचं. तेव्हा कंबरच असणार, असं ठरवून टाकलं. जानेवारीत कमरेचा एक्सरे काढला. वयानुसार मणक्यात थोडी झीज दिसली, आणि पन्नाशीतल्या कुणाच्या मणक्यात ती दिसत नाही? सहा आठवडे व्यायाम आणि शेक घेण्यात गेले. कंबर छान मोकळी झाली. बोटं होती तशीच.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण माझे दोन महिने तिच्या अज्ञानात गेले. कमरेत नस दबली तर त्रास बहुधा एका पायाला होतो आणि तो पट्टीसारखा उतरतो: नितंबातून, मांडीच्या मागून किंवा बाहेरून, खाली पावलापर्यंत. माझा त्रास दोन्ही पायांना सारखाच होता, बोटांपासून सुरू होऊन वर सरकत होता आणि त्याचा आकार पट्टीचा नव्हता, मोज्याचा होता. नकाशे काढणाऱ्याला आकार ओळखता येऊ नये, याची अजून लाज वाटते.

4 मार्च 2024 ला शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बूट काढायला लावले. आठ वर्षांत माझे बूट दवाखान्यात पहिल्यांदा उतरले. यात दोष निम्मा माझाच, कारण मी दर वेळी साखरेचा रिपोर्ट पुढे करून दोन मिनिटांत निघायचो. खरं तर माझ्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे टाइप टूमध्ये, निदान झालं त्याच वर्षापासून दरवर्षी एकदा पावलं तपासून घ्यायची असतात. निदान होण्याआधी साखर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून.

तपासणी अगदी साधी होती. मासेमारीच्या दोरीसारखा एक नायलॉनचा धागा, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. तो कातडीवर टेकवून दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो आणि मग तो वाकतो, म्हणजे कुणीही दाबला तरी दाब तेवढाच. डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं. मग 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, तो झणझणत अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि कंप थांबला की सांगायचं. मग टाचेच्या वरच्या जाड, दोरीसारख्या कंडरेवर हातोडी. धागा मला बोटांवर तीन जागी कळला नाही. फोर्क ठेवला तेव्हा मी विचारलं, "सुरू केलाय का?" डॉक्टरांनी तोच फोर्क माझ्या मनगटावर टेकवला आणि सगळा हात झणझणला.

मग त्यांनी पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपली. दोन्हीकडे ठणठणीत. मी म्हटलं, "म्हणजे रक्तपुरवठ्याचा प्रश्न नाही?"

"मोठ्या रक्तवाहिन्यांचा नाही. तो असता तर पाय गार पडले असते, चालताना पोटरी भरून आली असती आणि थांबल्यावर बरं वाटलं असतं. तुमचं चालताना बरं आणि पडल्यावर वाईट, असं उलटं आहे."

रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 9.1 टक्के आलं. बी-ट्वेल्व्ह 168 पिकोग्रॅम, म्हणजे कमी. आठ वर्षं मेटफॉर्मिन घेत होतो आणि ते औषध दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या शरीरात बी-ट्वेल्व्हचं शोषण कमी होतं. बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. मग माझ्या मुंग्या कुणाच्या, साखरेच्या की जीवनसत्त्वाच्या? डॉक्टरांनी त्याचं उत्तर द्यायचं टाळलं आणि दोन्हींवर उपचार सुरू केले. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या, दारू मी घेत नाही, म्हणजे नेहमीचे इतर संशयित सुटले. मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मिळाली. तारीख मिळाली 24 दिवसांनंतरची.

हे 24 दिवस मी चांगले घालवले नाहीत. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: पायांनाच का? साखर तर सगळ्या अंगभर सारखीच फिरते. कानाच्या पाळीतही तेच रक्त आणि अंगठ्यातही तेच. आणि दुसरा प्रश्न, जरा क्षुद्र: मलाच का? ताईला माझ्या चार वर्षं आधीपासून मधुमेह आहे, तिची साखर माझ्यापेक्षा काही फार शहाण्यासारखी वागत नाही, आणि ती म्हणते, "मला बाई कधी मुंगीसुद्धा चावली नाही."

28 मार्चला त्या डॉक्टर मॅडमनी तपासलं. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एका बोथट टोकाच्या सुईने माझ्या पोटरीपासून खाली टोचत टोचत आणायला सुरुवात केली. मी डोळे मिटून 'टोचतंय, टोचतंय' म्हणत होतो आणि एका ठिकाणी 'टोचत नाही, नुसतं लागतंय' म्हणालो. तिथे त्यांनी पेनाने ठिपका केला. चारी बाजूंनी असे ठिपके झाल्यावर ते जोडले. घोट्याच्या थोडं खाली, पावलाला गोल वळसा घालणारी एक रेघ तयार झाली. दुसऱ्या पायावरही तेच केलं आणि जवळजवळ त्याच उंचीवर रेघ आली. त्या म्हणाल्या, "फोटो काढून ठेवा. तारखेसकट." माझा आजवरचा सर्वात महत्त्वाचा नकाशा हा असा दुसऱ्यानेच काढला.

मी माझा प्रश्न विचारला. पायांनाच का?

"उंची किती तुमची?"

"सहा फूट."

त्यांनी टेबलाच्या खणातून शिंप्याची टेप काढली. एक टोक माझ्या कमरेवर मणक्याला लावलं आणि मला दुसरं टोक अंगठ्यापर्यंत न्यायला सांगितलं. टेप पाठीमागून मांडीवरून, पोटरीवरून, घोट्याला वळसा घालून अंगठ्याच्या टोकाशी पोचली तेव्हा आकडा होता 124 सेंटिमीटर.

"ही एक पेशी आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शाळेत पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकातला ठिपका शिकलो होतो. पण स्पर्श कळवणारा मज्जातंतू खरोखरच एकाच पेशीचा लांबट धागा असतो. पेशीचं मुख्य शरीर कमरेच्या मणक्याशेजारच्या एका छोट्या गाठीत असतं आणि त्यातून निघालेला धागा थेट अंगठ्याच्या कातडीपर्यंत अखंड जातो, मध्ये कुठे जोड नाही. ते मुख्य शरीर साधारण 50 मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. घरी जाऊन मी प्रमाण मांडलं: पेशीचं शरीर 5 सेंटिमीटरच्या चेंडूएवढं धरलं, तर माझ्या अंगठ्याकडे जाणारा धागा सव्वा किलोमीटर भरतो.

आणि त्या सव्वा किलोमीटरभर लागणारी बहुतेक प्रथिनं या चेंडूत बनतात. धाग्याच्या टोकाशी सामान बनवायची सोय जवळजवळ नाही. सगळं मणक्यापासून पाठवायचं. धाग्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि त्यांवरून वाहक प्रथिनं अक्षरशः पाऊल टाकत सामान ओढून नेतात. यातली जलद गाडी दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे माझ्या अंगठ्याला तीन दिवसांत पोचते. पण धाग्याचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो ती मंद गाडीने जातात, दिवसाला एखादा मिलिमीटर. 124 सेंटिमीटर म्हणजे 1,240 मिलिमीटर, म्हणजे 1,240 दिवस. माझ्या अंगठ्यात या क्षणी नवीन येणारी सांगाड्याची वीट मणक्याजवळून निघून तीन वर्षं उलटून गेलेली आहेत.

कालव्याच्या शेवटाला ज्याचं शेत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. कालव्यात पाणी भरपूर असतं तेव्हा वरच्या आणि खालच्या शेतात फरक दिसत नाही. पाणी थोडं कमी पडलं, काठ थोडा पाझरू लागला, की वरच्याला पत्ताही लागत नाही आणि शेवटचा कोरडा पडतो. काठ सगळीकडे सारखाच पाझरतोय, पण शेवटच्याच्या वाट्याला सगळ्या लांबीची गळती येते.

मधुमेह इथे नेमकं काय बिघडवतो? मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकीचा वाटा किती हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही, असंही सांगितलं. पहिली गोष्ट मला सर्वात पटली. स्नायूंच्या पेशीत साखर शिरायला बरीचशी इन्सुलिनची परवानगी लागते. मज्जातंतूच्या दाराला असा पहारेकरी नाही. रक्तात साखर वाढली की आतही वाढते. नको असलेली ही साखर पेशी एका आडवाटेने सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलत राहते आणि त्या कामात खर्च होतं तेच रसायन, जे एरवी पेशीला झिजेपासून वाचवण्यासाठी लागतं. दुसरी गोष्ट, धाग्यात जागोजागी असलेली ऊर्जाकेंद्रं, मायटोकॉन्ड्रिया, या माऱ्यात दुबळी होतात आणि ऊर्जेशिवाय सामानाच्या गाड्या रेंगाळतात. तिसरी गोष्ट, नसांना रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. पायावरची नाडी ठणठणीत लागते ती मोठ्या वाहिनीची. या बारीक वाहिन्या बोटाला लागत नाहीत.

यातली कुठलीच गोष्ट फक्त पायात होत नाही. ती हातातही होते, पाठीतही होते. फक्त छोट्या धाग्याला ती झेपते. लांब धाग्यात मात्र ती 124 सेंटिमीटरभर साचत जाते आणि मग पेशी टोक सोडून देते. धागा टोकाकडून मागे मागे मरत येतो. त्यातही कातडीतली टोकं कायम डागडुजी मागणारी असतात, कारण कातडी झिजते, नवी येते आणि धाग्याला पुन्हा पुन्हा त्यात नवीन शेंडे फोडावे लागतात. म्हणजे सर्वात जास्त मागणी आणि सर्वात लांबचा पुरवठा एकाच जागी.

"म्हणजे हृदयापासून सर्वात लांब म्हणून पाय नव्हे?" मी विचारलं, कारण तोपर्यंत माझी समजूत तीच होती.

त्या पहिल्यांदा हसल्या. "तुमची रेघ अशीच चढत राहिली आणि गुडघ्याच्या आसपास आली, तर हाताच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागतील. कारण मानेपासून हाताच्या बोटांपर्यंतचे धागे लांबीत दुसऱ्या नंबरवर. आणि त्याही पुढे गेलं तर तिसरी जागा कुठली, सांगा."

मला सांगता आलं नाही.

"छाती-पोटाच्या मधोमध, उभा पट्टा. पाठीच्या मणक्यापासून बरगडीच्या कडेने पुढे येणाऱ्या धाग्यांची टोकं तिथे असतात. पाठ चांगली राहते आणि छातीची पुढची बाजू बधिर होते. बरोबर हृदयाच्या समोर. रक्ताच्या अंतराचा प्रश्न असता तर तिथे शेवटी झालं असतं की नाही? मोजायचं ते पेशीपासूनचं अंतर."

तिथवर फार कमी लोकांचं जातं, असं त्या लगेच म्हणाल्या, पण मला त्या वाक्याचा धाक वाटला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पायातल्या गोष्टीला काही व्याकरण आहे असं वाटलं. आग आणि बधिरपणाचं कोडंही तिथेच सुटलं. मरत आलेल्या धाग्यांची इजा झालेली टोकं कुणी न शिवताही आपोआप संदेश पाठवत राहतात, त्या मुंग्या आणि ती आग. जे धागे मेलेच, ते खऱ्या स्पर्शाची बातमी देत नाहीत, तो बधिरपणा. शेजारी शेजारी दोन्ही.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसा संदेश कसा नेतात ते मोजणारी चाचणी, तिची तारीख 2 मे मिळाली. साध्या रक्ततपासणीच्या कितीतरी पट खर्च येतो, त्यामुळे आधी कार्यालयात प्रतिपूर्तीचं विचारून घेतलं होतं. तरी अर्ज एकदा परत आलाच, कारण चिठ्ठीवर नुसतं 'तपासणीसाठी' लिहिलं होतं, कशाचा संशय म्हणून तपासणी ते नव्हतं. पुन्हा दवाखाना, पुन्हा सही, नऊ दिवस. चिठ्ठी हातात पडताच कारण लिहिलंय का ते वाचून घ्या.

चाचणीला जाताना पायांना तेल किंवा मलम लावायचं नाही, कारण कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांना नीट संदेश मिळत नाही. आणि पाय गार नकोत. गार पायात नस सावकाश धावते आणि निकाल उगाच वाईट येतो. माझे पाय त्या गार खोलीत थंड पडले होते, म्हणून तंत्रज्ञाने आधी दहा मिनिटं ऊब दिली. विजेचे छोटे झटके बसतात. वेदना म्हणण्यासारख्या नाहीत, पण पाय स्वतःहून उडतो तेव्हा दचकायला होतं. सगळं मिळून 40 मिनिटं.

घोट्यामागून जाणारी सुरल नावाची संवेदनेची नस, तिच्यातून आलेला संदेश 3 मायक्रोव्होल्ट उंचीचा निघाला, साधारण अपेक्षेच्या निम्मा. वेग मात्र सेकंदाला 41 मीटर, म्हणजे काठावर पास. मी मॅडमना विचारलं, वेग चांगला आहे म्हणजे आशा आहे ना? त्या म्हणाल्या, वेग सांगतो धाग्यांवरचं वेष्टण कसं आहे, उंची सांगते धागे उरलेत किती. तुमचे उरलेले धागे बरे धावतात, पण उरलेत कमी. लांबीप्रमाणे होणाऱ्या न्यूरोपॅथीचं, म्हणजे नसांच्या या आजाराचं, चित्र बहुधा असंच असतं.

या चाचणीची मर्यादाही सांगायला हवी. ती फक्त जाड धागे मोजते, कंप आणि स्पर्शाचे. टोचणं, गरम-गार कळवणारे बारीक धागे तिच्या जाळ्यात सापडतच नाहीत, आणि मधुमेहात पुष्कळदा तेच आधी जातात. त्यामुळे पायाची आग होतेय आणि चाचणी नॉर्मल, असं झालं तर 'तुम्हाला काही नाही' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. अशा वेळी घोट्याच्या 10 सेंटिमीटर वरची 3 मिलिमीटर कातडी काढून तिच्यातले धागे मोजतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

उपचाराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नाट्य कमी आहे. प्रीगाबालिनने रात्रीची आग कमी झाली, पण दिवसा टेबलावर डुलक्या लागायच्या आणि घोटे सुजले. सहा आठवड्यांनी ते बंद करून ड्युलॉक्सेटिन दिलं, ते मानवलं. दोन्ही औषधं फक्त खोट्या संदेशांचा आवाज कमी करतात, धागे परत आणत नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. साखर मी धडाक्याने उतरवायला निघालो होतो, त्याला त्यांनीच लगाम घातला. बऱ्याच काळाची वाढलेली साखर तीन महिन्यांत एकदम खाली आणली, एचबीएवनसी दोन टक्क्यांहून जास्त घसरलं, तर काही लोकांत नसांची तीव्र वेदना नव्यानेच उसळते. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं. म्हणून 9.1 वरून 8.2, मग 7.5, मग 6.9 असं नऊ महिन्यांत उतरलो. टाइप वन मधुमेहात साखर ताब्यात ठेवून न्यूरोपॅथी बरीच टळते, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने ते दाखवलं. टाइप टूमध्ये फायदा त्यामानाने कमी दिसतो, पण रेघ वर चढू न देणं एवढंच मला त्यातून हवं होतं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी बूट काढला तर आतून शर्टाचं बटण पडलं. सकाळपासून त्याच्यावर चालत होतो. चवड्यावर बटणाचा गोल ठसा उमटला होता, चार भोकांसकट, आणि कडेला कातडी सोलली होती. बायको म्हणाली, "अहो, बटण! आणि तुम्हाला कळलं नाही?" नाही कळलं. ती जखम बरी व्हायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवतो आणि रात्री आरशात तळवे बघतो. गरम पाणी कोपराने जोखतो, कारण कोपराकडे येणारे धागे आखूड आहेत.

ऑगस्टमध्ये मात्र घाबरलो. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. मॅडमचं वाक्य आठवलं, दुसऱ्या नंबरचे धागे. म्हणजे चढलं का इतक्या लवकर? पहाटे तीन वाजता दिवा लावून टेप काढली. मानेच्या तळापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 92 सेंटिमीटर. आणि कमरेपासून माझ्या घोट्याजवळच्या रेघेपर्यंत 102. म्हणजे 102 सेंटिमीटरच्या पलीकडचेच धागे आजारी आहेत, त्याहून आखूड सगळे अजून बरे आहेत. मग 92 वाले का ओरडावेत? शिवाय मुंग्या एकाच हाताला, आणि त्यातही अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी साफ. लांबीचा नियम असता तर दोन्ही हात असते आणि करंगळी सुटली नसती.

मॅडमनी टेपचं ऐकून 'इतकं तंतोतंत नसतं हं ते' असं बजावलं, पण निष्कर्ष तोच निघाला. मनगटात नस दबत होती, कार्पल टनेल. मधुमेह असलेल्यांना तेही जास्त होतं, पण ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला वेगळा उपाय आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपू लागलो आणि पाच आठवड्यांत हात गप्प झाला. त्या पहाटे नकाशा नसता तर मी हे दुखणं पायांच्या खात्यावर टाकून गुपचूप सोसलं असतं. याच्या उलटही लक्षात ठेवण्यासारखं आहे: एकाच बाजूला, हातांपासून सुरू झालेलं, आठवड्या-आठवड्याला वाढणारं, किंवा बधिरपणापेक्षा अशक्तपणाच जास्त असलेलं दुखणं मधुमेही माणसाला झालं, तरी ते मधुमेहाचंच आहे असं धरू नये.

हिवाळ्यापर्यंत मुंग्या निम्म्यावर आल्या. याचा आनंद करावा की नाही, हेही पारखावं लागतं. मुंग्या दोन कारणांनी थांबतात: धागे सावरले म्हणून, किंवा ओरडणारेही मेले म्हणून. नुसत्या जाणिवेवरून फरक कळत नाही. रेघेवरून कळतो. 9 मार्च 2025 ला मॅडमनी पुन्हा सुई फिरवली, ठिपके केले, आणि आम्ही जुना फोटो शेजारी धरला. डाव्या पायावर रेघ जिथल्या तिथे होती. उजव्यावर ती सेंटिमीटरभर खाली आली होती, बोटांच्या दिशेने. साखरेमुळे, की बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांमुळे, की टोचताना माझं उत्तर बदलल्यामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही. अंगठ्यावर फोर्कचा कंप अजूनही कळत नाही.

मलाच का, हा प्रश्न मी त्या दिवशी शेवटी विचारून घेतला. उंचीचा भाग खरा आहे, त्या म्हणाल्या, उंच माणसांत हे जास्त आढळतं. ताईची उंची पाच फूट, तिचा धागा मी मोजला तर 104 भरला, माझ्याहून 20 सेंटिमीटर आखूड. मी समाधानाने फाइल बंद करत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण बहिणीला काही नाही, हे कुणी तपासून सांगितलं?"

कुणीच नाही. ज्यांच्या नसा बिघडल्या आहेत अशा मधुमेहींपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना मुंग्या, आग, काही म्हणजे काहीच जाणवत नाही. त्यांच्यात ओरडणारे धागे नसतातच, नुसते गप्प झालेले असतात.

पुढच्या रविवारी ताईला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ती येईना, "मला काही होत नाही रे" म्हणत होती, मीच हट्ट केला. तिने पाय वर घेतले, डोळे मिटले. डॉक्टरांनी तो नायलॉनचा धागा तिच्या डाव्या अंगठ्यावर टेकवला. तो वाकला. उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा वाकला. मी बघत होतो.

ताई डोळे मिटूनच म्हणाली, "करा की आता सुरू."